अपघातस्थळी ‘माझी चूक झाली’ म्हणावे का? शब्द, सही आणि त्यांचे कायदेशीर परिणाम

वळणावर धडक बसते, दुचाकीस्वार खाली पडतो आणि मोटारीतून उतरलेल्या चालकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘सॉरी’. दोन-चार दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला की हाच चालक ओळखीतल्या वकिलाला गाठून विचारतो, ‘मी तिथे सॉरी म्हणालो होतो, त्याचे काही होईल का?’ त्या एका शब्दाने सहसा फारसे काही होत नाही. मात्र त्या शब्दामागोमाग जे वाक्य येते, त्या वाक्याखाली जी सही होते आणि पुढे ‘दंड भरून मोकळे होऊ’ म्हणून न्यायालयात जी कबुली दिली जाते, त्यांचे वजन याच क्रमाने वाढत जाते. चालक घाबरतात पहिल्या शब्दाला आणि बेसावध असतात शेवटच्या टप्प्यावर, म्हणून हा विषय घडत्या क्रमाने पाहू. डोळ्यासमोर महाराष्ट्रातील रस्ता, खासगी मोटार आणि चालू विमा असलेला चालक आहे.

एक कल्पित उदाहरण सोबत ठेवू. पावसाळ्यातील संध्याकाळ, पावणेसातची वेळ. राज्य मार्गावरून जाणारा मोटारचालक उजवीकडच्या पेट्रोल पंपात वळत असताना मागून आलेली मोटारसायकल त्याच्या मोटारीच्या उजव्या बाजूस आदळते आणि दुचाकीस्वाराचे मनगट मोडते. चालक धावत जातो आणि म्हणतो, ‘सॉरी हो, सॉरी. माझे लक्षच नव्हते.’ पंपावरची तीन-चार माणसे हे ऐकतात.

कायद्याच्या दृष्टीने या वाक्याचे दोन तुकडे

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ या कायद्याने घेतली आहे. या कायद्यात ‘कबुली’ आणि ‘कबुलीजबाब’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादातील एखाद्या वस्तुस्थितीबद्दल स्वतःच्या विरोधात जाईल असे विधान करणे ही कबुली, आणि गुन्हाच मान्य करणे हा कबुलीजबाब. १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलने पकला नारायण स्वामी प्रकरणात घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते: गुन्हा सरळ मान्य केलेला असावा किंवा गुन्हा ज्या गोष्टींनी बनतो त्या जवळजवळ सर्व मान्य केलेल्या असाव्यात, तरच तो कबुलीजबाब.

या कसोटीवर नुसते ‘सॉरी’ टिकत नाही. समोरचा माणूस रस्त्यावर विव्हळत असताना ‘सॉरी’, ‘अरे देवा, फार लागले का?’ असे म्हणणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि त्यातून वेग, सिग्नल, आरसा किंवा अंतर यांबद्दल काहीच कळत नाही. ‘माझे लक्षच नव्हते’ हा दुसरा तुकडा मात्र वस्तुस्थिती सांगतो, आणि हयगय झाली की नाही हाच ज्या खटल्याचा प्रश्न असतो तिथे तो कबुली म्हणून पुढे येऊ शकतो. ते ऐकणारा पंपावरचा कर्मचारी साक्षीला येऊन तेच शब्द सांगू शकतो.

तरीही कबुली म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम २५ स्पष्ट सांगते. ती चुकीच्या समजातून, धक्क्यात किंवा अर्धवट माहितीवर दिली गेली होती, असे दाखवता येते. उदाहरणातील चालकाला त्या क्षणी आपला इंडिकेटर चालू होता हे आठवतही नसेल, आणि मोटारसायकल उजव्या बाजूने पुढे घुसत होती हे त्याने पाहिलेलेच नाही. स्वतःला न दिसलेल्या गोष्टीबद्दल त्याने निष्कर्ष देऊन टाकला. अपघातस्थळी चूक कबूल करू नये, या सल्ल्यामागचे खरे कारण हेच आहे. काही लपवण्यासाठी तो सल्ला दिला जात नाही. त्या मिनिटाला चूक कोणाची हे ठरवण्याइतकी माहिती चालकाजवळ नसते, एवढेच त्यामागे आहे.

कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांची स्थिती थोडी निराळी आहे. ब्रिटिश कोलंबियात २००६ पासून आणि ओंटारिओत २००९ पासून माफीविषयक स्वतंत्र कायदे आहेत आणि तिथे दिवाणी दाव्यात माफीला चुकीची कबुली मानले जात नाही. भारतात मोटार अपघातांसाठी असे संरक्षण देणारा कायदा नाही. येथे प्रत्येक वाक्य त्याच्या शब्दांवर आणि संदर्भावर तोलले जाते.

पहिली दहा मिनिटे: काय करावे आणि काय बोलावे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सर्व करणे चालकावर बंधनकारक आहे, मग चूक कोणाचीही असो. जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे दुसरे कारण एवढाच त्याला अपवाद आहे. लोक अंगावर येऊ लागले तर तिथे थांबण्याचा अट्टहास न धरता सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे आणि वाटेतच ११२ वर फोन करावा. त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि ‘पळून गेला’ या आरोपाला तेच पहिले उत्तर ठरते.

बोलताना विचारपूस आणि मदत यांची भाषा मोकळेपणाने वापरावी. ‘हलू नका, रुग्णवाहिका बोलावली आहे’, ‘घरच्यांचा नंबर सांगा, मी फोन करतो’, ‘तुम्हाला लागले याचे फार वाईट वाटते’ यांपैकी कोणत्याही वाक्याने चालकाचे नुकसान होत नाही. जखमीला मदत करणारा चालक पुढे साक्षीदारांच्या तोंडूनही चांगला दिसतो. टाळायची आहेत ती कारण सांगणारी वाक्ये: ‘मी पाहिलेच नाही’, ‘मी फोनवर होतो’, ‘ब्रेक उशिरा दाबला’, ‘सगळी चूक माझी’. त्याचप्रमाणे ‘चूक तुझीच, हेल्मेट कुठे आहे?’ हेही टाळावे. तो निष्कर्षही तितकाच घाईचा असतो, आणि भांडण पेटवतो ते वेगळेच.

कोणी थेट ‘चूक कोणाची?’ असे विचारले तर ‘आधी यांना दवाखान्यात नेऊ, काय घडले ते मी पोलिसांना सांगणार आहे’ एवढे उत्तर पुरते. मौन आणि खोटे यांत फरक आहे. ‘मी गाडी चालवतच नव्हतो’ असे सांगणे किंवा शेजारच्या सीटवरच्या माणसाला चालक म्हणून पुढे करणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि अशी अदलाबदल उघड झाली की बाकी सगळ्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

वाहने बाजूला घेण्याआधी मोबाइलवर पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत: दोन्ही वाहनांची रस्त्यावरची जागा, टायर घासल्याच्या खुणा, पडलेल्या काचा आणि आघात कुठे बसला ती जागा. उदाहरणात आघात मोटारीच्या मागच्या उजव्या दारावर आहे. याचा अर्थ मोटार निम्म्याहून अधिक वळून झाली होती, आणि हे ‘माझे लक्षच नव्हते’ या वाक्याला परस्पर दिलेले उत्तर आहे. पंपाच्या कॅमेऱ्यात इंडिकेटर लुकलुकताना दिसतो. पण अशा यंत्रांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते, म्हणून ते राखून ठेवावे अशी विनंती पंपचालकाला त्याच दिवशी करावी आणि तपास अधिकाऱ्यालाही लेखी कळवावे.

‘लिहून द्या, मिटवून टाकू’

तोंडी वाक्यापेक्षा महाग पडतो तो कागद. जखमीचे नातेवाईक येतात, गावातले कोणी मध्यस्थ येतात आणि वहीच्या पानावर मजकूर लिहिला जातो: ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला असून दवाखान्याचा सर्व खर्च मी देईन. तक्रार करणार नाही.’ खाली सही आणि दोन साक्षीदार. चालकाला वाटते प्रकरण तिथेच संपले.

या कागदाचे तीन दोष आहेत. पहिला, ‘माझ्या चुकीमुळे’ हे शब्द लेखी कबुली आहेत, आणि ते मी ओघात बोललो असे पुढे म्हणता येत नाही. दुसरा, बेदरकारपणे वाहन चालवण्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालील गुन्हा आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे ‘तक्रार करणार नाही’ या वाक्याने पोलीस कारवाई थांबेलच असे नाही, आणि जखमीचा भरपाई मागण्याचा हक्कही अशा चिठ्ठीने सहज बुडत नाही. तिसरा दोष विमा कंपनीशी संबंधित आहे आणि तोच सर्वांत कमी लोकांना माहीत असतो.

भारतातील मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीतच अशी अट छापलेली असते की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही कबुली देऊ नये, देकार किंवा वचन देऊ नये आणि पैसे देऊ नयेत. कारण उघड आहे: भरपाईचा दावा उभा राहिला तर पैसे कंपनी देणार आणि बचाव करण्याचा अधिकारही पॉलिसीने तिलाच दिलेला असतो. ही अट मोडली म्हणून कंपनी जखमीला भरपाई नाकारू शकते का? सहसा नाही. जखमी त्रयस्थासमोर कंपनीला कोणते बचाव घेता येतात त्याची यादी कायद्यानेच बांधून दिली आहे. त्यात परवाना नसणे, मद्यपान करून वाहन चालवणे अशी कारणे येतात आणि रस्त्यावर दिलेली कबुली त्यात येत नाही. परंतु चिठ्ठीवर कबूल केलेली आणि स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम कंपनीने परत द्यावी असा आग्रह धरता येत नाही, आणि कंपनीशी वाद सुरू होतो तो निराळाच.

म्हणून कागद पुढे आला तर तो नम्रपणे नाकारावा आणि सांगावे: ‘माझ्या गाडीचा विमा आहे, हा पॉलिसीचा क्रमांक, हा माझा परवाना, फोटो काढून घ्या.’ ही माहिती जखमीच्या खऱ्या उपयोगाची आहे. पहिल्या उपचारांचे पैसे माणुसकी म्हणून द्यावेसे वाटले तर ते थेट रुग्णालयात भरून पावती घ्यावी, कोणत्याही कबुलीच्या मजकुराला जोडून देऊ नयेत, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार मिळण्याची तरतूद आहे, हेही नातेवाइकांना सांगण्याजोगे आहे; उपचार चालकाच्या चिठ्ठीवर अवलंबून आहेत ही भीती त्याने कमी होते.

‘सॉरी’चा मोबाइलवरचा अवतारही लक्षात ठेवावा. रात्री जखमीच्या भावाला पाठवलेला ‘दादा, चूक माझीच होती, तुम्ही काळजी करू नका’ हा संदेश लेखी कबुलीइतकाच टिकाऊ असतो आणि आवश्यक प्रमाणपत्रासह न्यायालयात दाखल करता येतो. ‘प्रकृती कशी आहे?’ असा संदेश जरूर पाठवावा.

पोलिसांसमोर

कलम १३४ नुसार पोलीस अधिकाऱ्याने विचारलेली माहिती चालकाने दिली पाहिजे, आणि तिथे अधिकारी नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घटना कळवली पाहिजे. हे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ‘वकील येईपर्यंत एक अक्षर बोलणार नाही’ हा चित्रपटातला पवित्रा येथे पूर्णपणे लागू पडत नाही. दुसऱ्या बाजूला, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. दोन्ही एकत्र ठेवले तर मार्ग असा निघतो: कोण, कुठे, केव्हा, कोणत्या दिशेने, कोणते वाहन, काय घडले हे खरे खरे सांगावे, चूक कोणाची, याचा निवाडा आपल्या तोंडून करू नये.

फौजदारी खटल्यात चालकाला एक मोठे संरक्षण आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. चालकाने स्वतः जाऊन फिर्याद दिली आणि त्यात गुन्हा कबूल केला, तरी ती कबुली त्याच्याविरुद्ध चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये अघ्नू नागेसिया प्रकरणात (तो खटला खुनाचा होता) सांगितले आहे. परंतु हे संरक्षण गुन्ह्याच्या खटल्यापुरते आहे. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, तिथे पुराव्याचे मोजमाप ‘अधिक शक्य काय’ एवढेच असते आणि पोलिसांची कागदपत्रे न्यायाधिकरण पाहते, म्हणून पोलिसांपुढे बोललेले तिथे पोहोचणार नाही असे गृहीत धरू नये.

आता जबाब लिहिला जाताना काय होते ते पाहा. आपल्याकडे अपघाताच्या फिर्यादीत एक साचेबंद वाक्य असते: ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून.’ लिहिणाऱ्याच्या हाताला ते इतके वळलेले असते की चालकाच्या स्वतःच्या जबाबातही ते कधी शिरते. चालकाने फक्त ‘मी वळत होतो, मागून धडक बसली’ असे सांगितलेले असते. म्हणून लिहिलेले वाचून दाखवण्यास सांगावे आणि आपण न बोललेले शब्द काढून टाकण्याची विनंती करावी. तपासात नोंदवलेल्या साक्षी-जबाबावर सही घेऊ नये असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ सांगते. फिर्याद आपली असेल तर सही लागते, आणि ती वाचूनच करावी.

उदाहरणातील चालकाचा जबाब साधारण असा असावा: ‘मी उजवीकडे पंपात वळण्यासाठी इंडिकेटर देऊन वेग कमी केला. मोटार वळत असताना उजव्या बाजूस मागील दारावर मोटारसायकल आदळली. मी लगेच थांबलो व ११२ वर फोन केला.’ इंडिकेटर दिल्याची खात्री नसेल तर ते वाक्य घालू नये. चित्रणात उलटे दिसले तर एका खोट्या ओळीने बाकीच्या खऱ्या ओळीही बुडतात.

२०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार चालकाला एक ठरावीक नमुना भरून ३० दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यावा लागतो. तो रिकामा सोडणे आणि घाईत भरणे दोन्ही वाईट. परवाना आणि विम्याचे तपशील बिनचूक लिहून अपघाताचे वर्णन वरीलप्रमाणेच तथ्यांपुरते ठेवावे.

विमा कंपनीला मात्र सर्व काही

येथे सावधगिरीचा रोख उलटा होतो. कंपनीला अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमी व्यक्ती, चालक आणि परवाना यांची माहिती लेखी कळवणे कायद्याने आवश्यक आहे, आणि रस्त्यावर आपण काय बोललो हेही कंपनीच्या वकिलाला सांगून टाकावे. ‘मी लक्ष नव्हते म्हणालो होतो’ हे वकिलाला सुनावणीच्या दिवशी समोरच्या साक्षीदाराकडून कळावे यासारखी अडचण नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीच्या दाव्यात मात्र चूक कोणाची हा प्रश्न सहसा नसतोच. सर्वसमावेशक पॉलिसी चालकाच्या हयगयीने झालेले नुकसानही भरून देते. त्यामुळे सर्व्हेअरसाठी गोष्ट रंगवण्याचे काहीच कारण नाही, आणि पोलिसांना एक व कंपनीला दुसरे असे वर्णन दिले तर तोच फरक दावा अडवण्याचे निमित्त होतो.

चूक खरोखर आपलीच आहे हे पुराव्यावरून दिसत असेल तर? मग ती मान्य करण्याची जागा आहे: कंपनीच्या संमतीने होणारी तडजोड, बहुधा लोकअदालतीत. तिथे मनापासून माफीही मागता येते. तडजोडीच्या बोलण्याचा पुरावा दिला जाणार नाही अशी स्पष्ट अट घालून दिलेली कबुली दिवाणी दाव्यात वापरता येत नाही, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम २१ आहे.

एका कबुलीचा हिशेब, आणि शेवटची कबुली

उदाहरणातील दुचाकीस्वाराची एकूण भरपाई सहा लाख रुपये ठरली असे समजा. ‘माझे लक्षच नव्हते’ एवढाच पुरावा समोर असेल तर संपूर्ण दोष मोटारचालकावर जाऊन सहा लाखांचा निवाडा होण्याचा संभव मोठा. मागच्या दारावरचा आघात, टायरच्या खुणा आणि इंडिकेटरचे चित्रण समोर आले आणि न्यायाधिकरणाने दुचाकीस्वाराची सहभागी हयगय ४० टक्के धरली, तर रक्कम ३ लाख ६० हजारांवर येते. वाक्य तेच राहते. त्याच्या बाजूला काय ठेवले जाते त्यावर त्याचे वजन ठरते. हे पैसे विमा कंपनी देते, पण परवाना बाद असेल किंवा विमा संपलेला असेल तर तोच आकडा शेवटी वाहनमालकाच्या खिशातून जाऊ शकतो.

आणि आता तो टप्पा, जिथे मी सर्वाधिक चालकांना घसरताना पाहिले आहे. वर्षभराने समन्स येते. न्यायालयाच्या आवारात कोणीतरी सांगते, ‘गुन्हा कबूल करा, हजार रुपये दंड भरा, तारखांची कटकट नको.’ कलम २८१ खालील दंडाची मर्यादा खरोखरच एक हजार रुपये आहे, म्हणून सल्ला व्यवहार्य वाटतो. पण दुखापत झाली असेल तर सोबत कलम १२५ असते आणि गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला असेल तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली म्हणजे पोलिसांपुढचे बोलणे नव्हे, त्याला कलम २३ चे संरक्षण नाही. तिची प्रमाणित प्रत काढून दावेदाराचा वकील न्यायाधिकरणात दाखल करतो, आणि चित्रण, खुणा, आघाताची जागा यांवर उभा केलेला सगळा बचाव त्या एका पानापुढे दुबळा पडतो.

म्हणून समन्स मिळताच पहिला फोन विमा कंपनीच्या दावा विभागाला करावा, भरपाईचा दावा दाखल आहे का आणि कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे, आणि दोषारोपपत्राची प्रत घेऊन ती आपल्या वकिलाला वाचायला द्यावी. त्यानंतरही गुन्हा कबूल करणेच योग्य ठरू शकते, उदाहरणार्थ दुखापत किरकोळ आहे, दावा तडजोडीने संपला आहे आणि पुरावा स्पष्टपणे विरोधात आहे. फक्त तो निर्णय न्यायालयाच्या व्हरांड्यात, नाव पुकारले जात असताना घेऊ नये.